धाकट्या भावाच्या हातून गादीवर मोठी चूक झालीय, घराबाहेर पडत नाही. काय करावं?

वैशाली_हरिपूररोड

नमस्कार मंडळी. एरवी मी इथं फक्त पाककृतींच्या धाग्यांवर असते, पण आज वेगळ्याच कामाला आलेय.

माझा धाकटा भाऊ सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशोबाला आहे. वय 27, पगार 22,000. गेल्या महिन्यात एका शुक्रवारी संध्याकाळी इरोडच्या पार्टीला 3,84,600 रुपये आरटीजीएस करायचे होते. त्याच नावाची निजामाबादची एक जुनी पार्टी बँकेच्या यादीत आधीपासून होती. एकीच्या नावापुढं ट्रेडर्स, दुसरीच्या नावापुढं ट्रेडिंग कंपनी, बाकी सगळं सारखं. पैसे निजामाबादला गेले.

रात्री जेवताना इरोडवाल्याचा मेसेज आला की पेमेंट दिसत नाही, तेव्हा याच्या लक्षात आलं. पण हा कुणाला काही बोललाच नाही. शनिवार, रविवार तोंड मिटून बसला. सोमवारी इरोडवाल्यानं थेट शेठना फोन लावला आणि मग सगळं बाहेर आलं. बँक म्हणते खातं चालू आहे, पैसे जमा झालेत, समोरच्याची संमती असल्याशिवाय परत घेता येत नाहीत. निजामाबादवाला म्हणतो की तुमच्याकडंच माझं जुनं येणं आहे. शेठना इरोडला दुसऱ्यांदा पैसे भरावे लागले.

शेठनी काढून टाकलेलं नाही. दरमहा 11,000 कापणार म्हणालेत. शिवाय दोन कोरे चेक सही करून मागितलेत आणि हा द्यायला तयार आहे. "माझीच चूक आहे, मी काय तोंडानं नाही म्हणू" असं म्हणतो. सध्या आजारपणाची रजा टाकून घरात आहे. फोन उचलत नाही, धड जेवत नाही, आणि मार्केट यार्डाचं नाव काढलं तरी हात थरथरतात.

पैशाचं काय व्हायचं ते होईल. मला त्याची काळजी आहे. कुणी अशातून गेलंय का?

सातारी_कंदी

ताई, पहिल्यांदा त्याला दोन घास खायला घाला. बाकी जाणकार येतीलच. मी जागा धरून ठेवतो.

तासगावकर_बेदाणा

1930 ला फोन लावा ताबडतोब! सायबर फ्रॉडला पहिले काही तास महत्त्वाचे असतात, खातं गोठवतात. माझ्या मेहुण्याचे असेच वाचले.

वैशाली_हरिपूररोड

दादा, फ्रॉड नाही झालेला. त्यानंच चुकून दुसऱ्या पार्टीला पाठवले.

तासगावकर_बेदाणा

अरेच्चा, घाईत वाचलं. माफी.

नेटबँकिंग_गुरू

रिझर्व्ह बँकेचा स्पष्ट नियम आहे. तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार, म्हणजे मुदतीत आहे. बँकेला लेखी द्या, पैसे त्यांना द्यावेच लागतील. शिवाय आता नाव पडताळणी आली आहे, ती बँकेनं का केली नाही हेही विचारा.

काउंटर_नंबर_तीन

गुरुजी, नियम खरा आहे पण तो या प्रकरणाला लागू नाही. 2017 चं ते परिपत्रक तुमच्या नकळत दुसऱ्या कुणी तुमच्या खात्यातून पैसे काढले तर त्यासाठी आहे. इथं खातेदारानंच, त्याच्याच लॉगिननं आणि त्याच्याच ओटीपीनं पैसे पाठवलेत.

मी बँकेत आरटीजीएसच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. आरटीजीएसमध्ये पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, नावावर नाही. क्रमांक अस्तित्वातच नसेल किंवा खातं बंद असेल तर रक्कम साधारण तासाभरात आपोआप परत येते. क्रमांक बरोबर असेल तर ती समोरच्याची जमा झाली, व्यवहार संपला. पाठवणाऱ्या बँकेला ती ओढून आणता येत नाही. फक्त समोरच्या बँकेला निरोप धाडता येतो की चुकून गेलेत, तुमच्या खातेदाराची संमती घ्या.

नाव पडताळणी 1 एप्रिल 2025 पासून आलेली आहे, पण ती कामाला येते नवीन खातं जोडताना. इथं निजामाबादची पार्टी यादीत आधीच होती आणि नावही बरोबर होतं. संगणकाच्या दृष्टीनं काहीच चुकलेलं नाही. यादीत खालचं नाव निवडायचं ते वरचं निवडलं गेलं, एवढंच.

ताई, दोन गोष्टी सांगा. निजामाबादवाल्याचं खातं कुठल्या प्रकारचं आहे? आणि तुमच्या दुकानात आरटीजीएस एकटा माणूस करतो की दोघं?

वैशाली_हरिपूररोड

काका, खातं कॅश क्रेडिटचं आहे असं तो माणूस म्हणाला. आणि एकटाच करतो. दुसऱ्या मंजुरीचं लॉगिन शेठच्या नावावर आहे, पण पासवर्ड भावाकडंच असतो आणि ओटीपीचा फोन गादीवरच पडलेला असतो. शेठ बाहेरगावी असले तरी कामं अडू नयेत म्हणून.

काउंटर_नंबर_तीन

वाटलंच. कॅश क्रेडिटचं खातं असलं की आलेली रक्कम त्याच्या कर्जातून वळती होते. म्हणजे त्या माणसाच्या हातात नोटा नाहीत. परत द्यायला त्याला स्वतःच्या मर्यादेतून उचल करावी लागणार, व्याजही त्याच्याच माथी. म्हणून असे लोक कुरकुरतात. याचा अर्थ पैसे बुडाले असा नाही. असली प्रकरणं मी महिना दोन महिन्यांत सुटलेली पाहिली आहेत. काही सुटली नाहीत तीही पाहिली.

पेठनाका

मी थोडं कडू बोलतो. माझं स्वतःचं दुकान आहे, सात माणसं कामाला आहेत. सगळे पोराची समजूत काढताहेत, पण पावणेचार लाखांचा फटका शेठला बसला. हळदीच्या धंद्यात क्विंटलमागं सुटतं किती? चूक सगळ्यांच्या हातून होते, ते मान्य. पण दोन दिवस लपवणं ही चूक नव्हे. शुक्रवारी रात्रीच फोन केला असता तर शेठनी त्या निजामाबादवाल्याला झोपेतून उठवून पैसे परत घेतले असते. पगार कापला तर त्यात गैर काय?

वैशाली_हरिपूररोड

दादा, तुमचं बरोबर आहे. तो स्वतःला हेच दिवसातून शंभरदा ऐकवतो.

दिवाणजी_गणपतीपेठ

मी मार्केट यार्डात दिवाणजी म्हणून हयात घालवली. आता घरी असतो, पण सवय जात नाही म्हणून सकाळी सौद्याला एक फेरी असतेच.

पेठनाकासाहेब, पोरानं लपवलं ते वाईटच. पण का लपवलं ते बघा. माझ्या हाताखाली जेवढी पोरं आली त्यांत पैशाची चूक लपवणारी पोरं लबाड नव्हती, बहुतेक चांगली पोरं होती. लबाड पोरगा चूक झाली की लगेच दुसऱ्यावर ढकलतो आणि संध्याकाळी चहा प्यायला येतो. चांगल्या पोराला वाटतं, सोमवारपर्यंत मीच काहीतरी करून भरून काढीन आणि मग सांगीन. शनिवारी या पोरानं काय काय केलं असेल ते मी न बघता सांगतो. निजामाबादवाल्याला स्वतःच्या फोनवरून फोन लावले असतील. त्यानं उचलले नसतील. मग मित्राकडं, मामाकडं उसने मागितले असतील. खरं का, ताई?

आणि पासवर्ड, ओटीपीचा फोन दोन्ही पोराच्या हातात दिल्यावर दुसरी मंजुरी राहिलीच कुठं? बँकेनं दोन कुलपं दिली आणि शेठनी दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात ओवल्या. आमच्या काळी हुंडी फाडायची तर दोन सह्या लागायच्या आणि दुसरी सही करणारा माणूस चष्मा लावून रक्कम मोठ्यानं वाचायचा.

वैशाली_हरिपूररोड

काका, अंगावर काटा आला. मामाकडं खरंच मागितले होते, सव्वा लाख. मामानं आईला सांगितलं तेव्हा घरात कळलं.

पेठनाका

किल्ल्यांचं पटलं. माझ्याकडंही तसंच आहे, खरं सांगायचं तर. आज बदलतो. पण पगाराचा मुद्दा सोडलेला नाही.

वकील_विश्रामबाग

कोरे चेक देऊ नका. हे पहिलं, बाकी नंतर.

कोऱ्या चेकवर उद्या रक्कम कुणी किती लिहील यावर तुमचा ताबा नाही. शेठ भले असतील, पण चेक शेठच्या मुलाच्या हातात गेला, किंवा भाऊ नोकरी सोडून गेला, तर तोच चेक बँकेत टाकून न वटल्याची फौजदारी केस होऊ शकते. मग चुकीच्या बटणाचा विषय राहत नाही, भाऊ आरोपी होतो.

पगार कपातीबद्दल सांगायचं तर मालकाला काहीच कापता येत नाही असं नाही. हिशोब ज्याच्याकडं सोपवलाय त्याच्या थेट हलगर्जीपणामुळं नुकसान झालं तर कापता येतं. पण 1936 चा जुना वेतनाचा कायदा घ्या की आताची वेतन संहिता, दोन्हींत अट आहे की आधी त्या माणसाला आपली बाजू मांडायची संधी द्यायची. झालेल्या नुकसानापेक्षा जास्त कापता येत नाही. आणि एकूण कपात पगाराच्या निम्म्यावर जाऊ शकत नाही. 22,000 ला 11,000 म्हणजे शेठनी बरोबर काठावरचा आकडा काढलाय. पण मुळात नुकसान किती हे अजून ठरलंच नाही. पैसे निजामाबादला आहेत, जळालेले नाहीत. चुकून मिळालेले पैसे परत करायला तो माणूस करार कायद्याच्या कलम 72 प्रमाणे बांधील आहे. त्याचं जुनं येणं असेल तर ते त्यानं सिद्ध करावं. आधी पेढीच्या नावानं त्याला नोटीस जाऊ द्या. वसुली होऊन जे बुडेल त्यावर बोलणी.

सातारी_कंदी

35 महिने कापून घेईपर्यंत हळदीचे तीन हंगाम जातील. तोवर शेठच पासवर्ड विसरतील.

तासगावकर_बेदाणा

आता नीट वाचून लिहितो. माझीही एक गोष्ट आहे. मी कोल्ड स्टोरेजला होतो तेव्हा एका शेतकऱ्याच्या बेदाण्याचे बॉक्स दुसऱ्याच्या लॉट नंबरवर गाडीत चढवून दिले. माल विकला गेला तेव्हा कळलं. पैशाचं मिटलं, पण मी नंतर एवढा घाबरलो की एकेक गाडी भरताना लॉट नंबर पाच पाच वेळा बघायचो. हमाल वैतागायचे. आणि गंमत बघा, पाच वेळा बघूनही शेवटी काय वाचलं ते ध्यानात राहायचं नाही. पावत्या मागं पडायला लागल्या, त्या घाईत आणखी दोन चुका झाल्या. शेवटी नोकरी सोडली. आता शेती बघतो. आज वाटतं सोडायला नको होती.

मिरजेची_सिस्टर

तासगावकरदादा, तुम्ही जे लिहिलंत तेच मी लिहायला आले होते.

मी मिरजेला नर्स आहे, काही वर्षं मानसोपचार वॉर्डात काढली. आमच्याकडंही चुका होतात आणि आमच्या चुकांत पैसे जात नाहीत, माणूस जाऊ शकतो. त्यामुळं चुकीनंतर माणसाचं काय होतं हे जवळून बघितलंय.

वैशालीताई, आधी एक विचारते, रागावू नका. तो मरणाचं बोलतो का? "मी नसतो तर बरं झालं असतं", "विम्याचे पैसे तरी मिळतील", असलं काही? पैशाच्या चुकीत हे वाक्य फार येतं, कारण माणूस मनातल्या मनात स्वतःची किंमत त्या रकमेशी लावतो. त्याला स्पष्ट विचारा. विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार येत नाही, उलट असेल तर बाहेर पडायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्या. रात्री अपरात्री 14416 ला फोन करा. टेलिमानसचा क्रमांक आहे, मोफत आहे, मराठीत बोलतात.

ते नसेल तर पुढचं. सध्या तो दोन वेगळ्या गोष्टींत अडकलाय आणि घरातले त्यावर एकच औषध देताहेत, "होतं असं, विसरून जा." त्यानं एकही सुटत नाही.

लाज वाटते ती माणसांसमोर जायची. मार्केट यार्डात सगळे आपल्याबद्दलच बोलत असतील असं त्याला वाटतं. आठवडाभर बोललेही असतील, खोटं कशाला सांगा. पण घरात बसलं की ती आठवडाभराची चर्चा डोक्यात महिनोन् महिने चालू राहते, कारण ती संपलेली त्याला दिसत नाही. माणसांत गेल्याशिवाय ते कळत नाही. त्यासाठी एक वाक्य तयार ठेवायला सांगा, "हो, माझ्याकडून चुकीच्या पार्टीला पैसे गेले, वसुली चालू आहे." बस्स. लांबण लावायची नाही, माफीही दहादा मागायची नाही. विचारणाऱ्याला पुढं विचारायला काही उरत नाही.

भीती वाटते ती त्या आरटीजीएसच्या पडद्याची. ती टाळून जात नाही. जेवढे दिवस लांब राहील तेवढी वाढेल. आणि परत गेल्यावर तासगावकरदादांसारखं पाच पाच वेळा तपासणं सुरू होईल. तपासल्यावर घटकाभर बरं वाटतं, मग पुन्हा शंका येते, म्हणून पुन्हा तपासतो. तपासण्याचीच चटक लागते. म्हणून तपासायचं एकदाच, पण ठरलेल्या पद्धतीनं, दुसऱ्या माणसासोबत, आणि मग उठायचं.

पेठनाका

सिस्टर, एक प्रामाणिक प्रश्न. एवढी चूक झालेल्या माणसाला लगेच परत आरटीजीएसवर बसवायचं? मी शेठ असतो तर वर्षभर त्याला बिलं लावायला ठेवलं असतं.

मिरजेची_सिस्टर

शेठ म्हणून तुम्हाला तो हक्क आहेच. पण मग तो वर्षभर रोज बिलं लावताना स्वतःला हेच सांगत राहील की मी पैशाला हात लावायच्या लायकीचा नाही. पहिल्या आठवड्यातच एक तरी करावा, लहान रकमेचा, शेजारी कुणी बसलेलं असताना.

दिवाणजी_गणपतीपेठ

पद्धत मी सांगतो. पार्टीचं बिल समोर ठेवायचं. पोरानं पडद्यावरचा खाते क्रमांक मागून पुढं वाचायचा, शेवटच्या आकड्यापासून. दुसऱ्यानं बिलावर बोट ठेवून ऐकायचं. पुढून वाचलं की डोळा सवयीनं पळतो, उलटं वाचताना पळता येत नाही. मग गावाचं नाव मोठ्यानं, इरोड की निजामाबाद. मग रक्कम. मग ओटीपी, आणि तो दुसऱ्या माणसाच्या फोनवर. मिनिटभराचं काम आहे.

आणि त्या यादीतून जुन्या, बंद पडलेल्या पार्ट्या आजच्या आज काढून टाका. काढता येत नसतील तर टोपणनावात गाव घाला.

काउंटर_नंबर_तीन

दिवाणजींच्या पद्धतीत एकच भर. नवीन पार्टी असेल तर आधी एक रुपया पाठवून पोचला का ते विचारायचं, आणि तेही आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करून. बिलावर छापलेल्या नंबरवर नाही.

नेटबँकिंग_गुरू

एक रुपया आरटीजीएसनं जात नाही, किमान 2 लाख लागतात.

काउंटर_नंबर_तीन

बरोबर पकडलंत. आयएमपीएस किंवा एनईएफटीनं पाठवायचा.

सातारी_कंदी

गुरुजींनी एका गुणाची वसुली केली. धाग्यातली पहिली वसुली हीच.

बाकी ताई, तुम्ही हरिपूर रोडच्या ना? पोरगं पेवात जाऊन बसलंय असं समजा. तुमच्याकडं पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही म्हणतात, आत हवा कोंडलेली असते, आधी मोकळं होऊ देतात. दार उघडं ठेवा, दोन दिवस थांबा, मग दोर सोडा.

वैशाली_हरिपूररोड

सातारकर, खूप दिवसांनी हसले. आता पेवं राहिलीत कुठं फारशी, 2005 च्या पुरानं बरीच गेली. पण आजोबा असंच सांगायचे.

सिस्टर, काल रात्री त्याला तुम्ही सांगितलं तसं सरळ विचारलं. मरणाचं नाही म्हणाला. पण "कुठंतरी लांब निघून जावं असं वाटतं" म्हणाला आणि मग खूप रडला. त्याचा फोन सध्या आईकडं आहे. उद्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. चेक दिलेले नाहीत. चेकबुक मी माझ्या कपाटात ठेवलंय.

एक विचारायचं राहिलं. शेठना भेटायला जाताना काय घेऊन जावं? तो म्हणतो, पाया पडतो आणि सगळे पैसे भरून देतो असं लिहून देतो.

वकील_विश्रामबाग

पाया पडायचं तर पडू दे, वडीलधारे आहेत. पण "सगळे भरून देतो" हे लिहून नको.

एक साधा कागद न्या, घडलेलं सांगणारा. तारीख, वेळ, रक्कम, कोणत्या पार्टीला द्यायचे होते, कोणाला गेले, 22 अक्षरांचा यूटीआर नंबर. चूक कधी लक्षात आली आणि शेठना कधी सांगितलं. ते दोन दिवस लपवू नका, सरळ लिहा. मंजुरीचं लॉगिन कुणाकडं असायचं तेही एका ओळीत, आरोपाच्या सुरात नाही. शेवटी, वसुलीसाठी लागेल ते सहकार्य करीन. खाली सही, एक प्रत स्वतःकडं. असा कागद समोर असला की शेठही त्याच कागदावर बोलतात, नाहीतर बोलणं वडिलांपासून सुरू होऊन संस्कारांवर जातं.

पेठनाका

हे मला पटलं. मालक म्हणून सांगतो, रडणाऱ्या माणसाशी बोलता येत नाही. कागद घेऊन आलेल्या माणसाशी बोलता येतं. आणि तो निजामाबादला स्वतः जायची तयारी दाखवत असेल तर शेठचा राग अर्धा तिथंच उतरेल.

दिवाणजी_गणपतीपेठ

एकट्याला पाठवू नका मात्र. शेठ किंवा दलाल सोबत हवा. तिथं हा एकटा गेला तर समोरचा जे सांगेल त्याला मान डोलावून येईल.

वैशाली_हरिपूररोड

मंडळी, जरा उशिरा पण अपडेट देते.

शेठकडं जाऊन आलो, मी सोबत होते. कागद दिला. शेठनी चष्मा लावून पूर्ण वाचला. पहिलं वाक्य काय म्हणाले असतील? "पैशाचं जाऊ दे, तू शुक्रवारी मला फोन का नाही केलास?" भाऊ म्हणाला, "भीती वाटली." त्यावर शेठ म्हणाले, "मला पण वाटते, बँकेचा फोन आला की." मग चहा आला. चेकचा विषय त्यांनी काढला नाही आणि आम्हीही नाही. कपात वसुली होईपर्यंत थांबवली आहे. ओटीपीचा फोन आता शेठच्या खिशात असतो.

दलालाला मध्ये घालून निजामाबादवाल्याशी बोलणं झालं. 61,000 रुपये मागच्या मालाच्या घटीचे येणं आहेत असं तो म्हणतो, ते ठेवून घेऊन बाकी 3,23,600 दोन हप्त्यांत देणार. पैकी 1,50,000 आले. उरलेल्यांना महिनाअखेरची तारीख दिलीय.

भाऊ कामावर जातोय. डॉक्टरांनी झोपेसाठी थोड्या दिवसांची गोळी दिली आणि दर आठवड्याला बोलावलंय. पहिल्या दिवशी गेटापाशी स्कूटर थांबवून पाच मिनिटं उभा होता म्हणे. एका हमालानं विचारलं, "काय रं, निजामाबादला गेलतास व्हय?" त्यानं सिस्टरनी सांगितलेलं वाक्य म्हटलं. हमाल "बरं बरं" म्हणून पोतं उचलून गेला. दिवाणजी काकांच्या पद्धतीनं शेठच्या शेजारी बसून दोन पेमेंट केली. घरी मात्र अजून रात्री गॅसचा नॉब तीन तीनदा बघतो. ते कधी जाईल?

मिरजेची_सिस्टर

हे डॉक्टरांच्या कानावर नक्की घाला. नॉब एकदा बघून झाला की घरच्यांनी "हो, बंद आहे" असं सारखं सारखं सांगायचं नाही, एकदाच सांगायचं. किती दिवस लागतील ते माणसावर आहे.

पेठनाका

चांगलं झालं. पण त्या 61,000 चं काय? तो शेठना बसलेला फटकाच आहे. घटीचा वाद शेठ मान्य करत नव्हते म्हणून तर पैसे अडवून ठेवले होते ना? आता पैसे आयते त्याच्या हातात गेले आणि वाद त्याच्या बाजूनं मिटला. ही रक्कम पोराच्या चुकीमुळंच गेली.

दिवाणजी_गणपतीपेठ

घट खरी असेल तर ते पेढीचं जुनं देणं होतं, आज नाही तर उद्या द्यावंच लागलं असतं. त्यात पोराचा काय संबंध? देणं खोटं असेल तर वेगळी गोष्ट.

पेठनाका

खरं की खोटं ते ठरवायची संधीच गेली, हेच तर म्हणतोय मी.

वकील_विश्रामबाग

दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. कागद बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. वैशालीताई, त्या घटीचं काही पत्र, वजनाची काटा पावती, मेसेज गादीवर आहे का? आणि माल कोणत्या तारखेचा? तीन वर्षांच्या वरचा असेल तर बोलणं वेगळं होईल.

वैशाली_हरिपूररोड

फाइल गादीवरच असणार. त्या पार्टीची जुनी खतावणी भाऊच लावायचा, त्यालाच विचारते उद्या. काटा पावती सापडली तर इथं तारीख टाकते.

सातारी_कंदी

पावती सापडली की भडंग पाठवा. निजामाबादला नको, साताऱ्याला. पत्ता उलटा वाचून घ्या.